केकच्या बॉक्सवरचा आमसुली तपकिरी का होतो, आणि प्रिंटरला लेखी काय द्यावं

प्रश्न: मी लातूरला घरून केक करते. लोगो आमसुली, बॉक्स अबोली, मजकूर चॉकलेटी आणि कडेनं सोनेरी रेघ, असं माझं ठरलेलं आहे. मागचे ५०० बॉक्स गावातल्याच प्रिंटरकडून मल्टिकलरमध्ये छापून घेतले. लोगो तपकिरी आला, अबोली गुलाबी झाली. ते म्हणतात, ‘मोबाइलवर दिसतं तसं कागदावर येत नाही.’ आता अर्धा किलोचे १००० बॉक्स छापायचेत. कोणते रंग जुळायलाच हवेत, हे त्यांना पत्रात कसं लिहून देऊ?

उत्तर:

ताई, पत्र लिहायच्या आधी एक निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. चारही रंग ‘तंतोतंत हवेत’ असं लिहिलंत तर एकही तंतोतंत येणार नाही. जुळायलाच हवा असा रंग एकच ठेवा, तो म्हणजे आमसुली. अबोलीला मर्यादा आखून द्या. चॉकलेटी आणि सोनेरी या वेळी काढून टाका. असं का म्हणतोय ते सांगतो, म्हणजे पत्रातली प्रत्येक ओळ तुम्हाला स्वतःला पटलेली असेल आणि प्रिंटरनं उलट विचारलं तर उत्तर देता येईल.

मल्टिकलर छपाईत आमसुली नावाची शाई नसतेच. सायन, मॅजेन्टा, यलो आणि ब्लॅक या चार शायांचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी आणि एकमेकांवर पडतात, आणि डोळ्याला आमसुली दिसतो. साधारण सायन ४०, मॅजेन्टा ९०, यलो ५०, ब्लॅक ४० टक्के अशी काहीतरी त्याची बांधणी असते. हा रंग जांभळा आणि तपकिरी यांच्या बरोबर सीमेवर बसलेला आहे. सायन थोडी उतरली किंवा यलो थोडी चढली की तो सीमा ओलांडून विटकरी-तपकिरीकडे जातो. लाल किंवा हिरवा रंग तेवढ्याच फरकानं थोडा गडद किंवा फिका दिसला असता, पण त्याचं नाव बदललं नसतं. आमसुलीचं नावच बदलतं, म्हणून तो बिघडलेला लगेच कळतो.

अबोलीचं दुखणं वेगळं आहे. ती बनते थोड्या मॅजेन्टा आणि थोड्या यलोच्या विरळ ठिपक्यांनी. छापताना ठिपका दाबानं पसरतो आणि प्लेटवर होता त्यापेक्षा मोठा उमटतो. मॅजेन्टाचा ठिपका जरा जास्त पसरला की अबोली गुलाबी झाली. आता मशीनमनची अडचण बघा. शाईचं कमी-जास्त शीटच्या उभ्या पट्ट्यांत होतं आणि तुमच्या बॉक्सवर लोगो आणि अबोली दोन्ही एकाच पट्ट्यात येतात. आमसुली फिका वाटतो म्हणून मॅजेन्टा वाढवली की त्याच पट्ट्यातली अबोली गुलाबी होते, आणि अबोली सावरायला मॅजेन्टा कमी केली की आमसुली मरतो. मागच्या वेळी तुमच्या बॉक्सवर दोन्ही बिघाड एकदम दिसले ते यामुळेच असणार. त्यात तुमचा जॉब इतर गिऱ्हाइकांच्या जॉबबरोबर एकाच शीटवर लावलेला असेल, तर तुमच्या रंगासाठी शाई हलवायची मुभासुद्धा मशीनमनला नव्हती.

म्हणून या वेळी चार शायांचा नादच सोडा. दोन स्पेशल कलर, म्हणजे स्पॉट कलर, सांगा, एक डबा आमसुली शाईचा आणि एक डबा अबोलीचा, दोन्ही आधीच मिसळून तयार केलेले. दोनच प्लेट लागतात. चॉकलेटी मजकूर आमसुलीतच छापायचा, म्हणजे फोन नंबरसारखी बारीक अक्षरं एकाच शाईत स्वच्छ उमटतात. चार शायांतून बनवलेलं बारीक अक्षर जरासं सरकलं की त्याच्या कडेला रंगीत झालर दिसते, तो धोका इथे उरत नाही. सोनेरी रेघ शाईनं कधी सोन्यासारखी दिसत नाही आणि फॉइल म्हणजे वेगळा ब्लॉक, वेगळा खर्च. माझं मत विचाराल तर ती काढाच. स्थानिक प्रिंटरकडं एकरंगी किंवा दोनरंगी मशीन असेल तरी दोन शायांचं काम तिथंच होऊ शकतं, बाहेरगावी पाठवावं लागत नाही, आणि तुम्हाला शीट पास करायला समोर उभं राहता येतं. हा फायदा मोठा आहे.

दोन शायांत एक अडचण येते, ती आधीच सोडवून घ्या. शाकाहारी खुणेसाठी हिरवी शाई लागते आणि ती या छपाईत नाही. असती तरी अबोलीवर हिरवा छापला तर तो शेवाळी होतो, कारण ऑफसेटची शाई पारदर्शक असते आणि खालचा रंग तिच्यातून वर येतो. हिरवा मळकट तपकिरीकडे झुकला तर घोटाळाच, कारण मांसाहाराची खूण तपकिरीच असते आणि अंड्याचा केक त्यातच मोडतो. तेव्हा ही खूण बॉक्सवर छापूच नका. पांढऱ्या स्टिकरवर काळा मजकूर, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आणि खूण छापून घ्या. एगलेस केकच्या स्टिकरवर हिरव्या चौकोनात हिरवं वर्तुळ, अंड्याच्या केकच्या स्टिकरवर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. वर्तुळ ६ मिमीचं आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट ठेवलीत तर तुमच्या बॉक्सच्या आकाराला मापाची शंका उरत नाही. बॉक्स एकच राहतो आणि दोन्ही केकांना चालतो.

या स्टिकरवर तुमचा आमसुली मात्र मुळीच घालू नका. स्टिकर डिजिटल मशीनवर चार रंगांत छापला जाणार, त्यावरचा आमसुली बॉक्सवरच्या शाईशी कधीच जुळणार नाही. दोन जवळपासचे रंग एकमेकांना टेकले की डोळा बारीकसा फरकही पकडतो, आणि तेच दोन वेगवेगळ्या खोल्यांत असले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. रिबनचंही तसंच. सॅटिनची चमक आणि छापील पृष्ठभाग यांचा आमसुली जुळवायचा प्रयत्न वाया जातो. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस शोधताना दुकानाच्या ट्यूबखाली जुळलेला रंग बाहेर उन्हात वेगळा निघतो, तोच हा प्रकार. रिबन सरळ क्रीम घ्या. ती वेगळीच दिसते, त्यामुळं जुळली नाही असं कोणी म्हणत नाही.

आता रंग सांगायचा कसा, हा मुख्य भाग. ‘आमसुली’ हा शब्द पत्रात असू द्या, पण त्यावर काही ठरत नाही. तुमच्या डोळ्यापुढं आगळाचा रंग असेल, त्यांच्या डोळ्यापुढं वाळलेल्या आमसुलांचा, आणि त्या दोघांत खूप अंतर आहे. मोबाइलचा फोटोही नको. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त आलेला उजेड परत करतो, आणि दोन मोबाइलही एकमेकांशी जुळत नाहीत. मागचा बॉक्स नमुना म्हणून दिलात तर बिघडलेलाच रंग पक्का होतो.

दोन पायऱ्यांत करा. आधी प्रिंटरकडं किंवा शाईवाल्याकडं पॅन्टोनचं शेड बुक असतं, त्यातली ‘सी’ची, म्हणजे कोटेड कागदाची पानं बघून नंबर निवडा. २२९ सी ही शेड आमसुलीच्या जवळ जाते आणि १६२ सी अबोलीच्या. तिथून सुरुवात करा आणि आजूबाजूच्या शेड बघून तुमचा नंबर तुम्हीच पक्का करा. बुक किती जुनं आहे ते विचारा. हाताळून आणि उजेड लागून पानांचे रंग उडतात, त्यामुळं तुम्ही एका बुकातून निवडायचं आणि शाईवाल्यानं दुसऱ्या जुन्या बुकावरून मिसळायचं असं व्हायला नको. दोघांनी एकच बुक बघावं.

पण नंबर म्हणजे फक्त पत्ता. बुकातली शाई पांढऱ्याशुभ्र कागदावर छापलेली आहे, आणि तुमचा बॉक्स आहे बोर्डाचा, त्यावर लॅमिनेशन. म्हणून दुसरी पायरी पट्ट्यांची. शाई मिसळून आली की प्रिंटर ती बोटानं थोडी थोडी थोपटून बोर्डाच्या तुकड्यावर पातळ थर देतो. तो तुकडा तुमच्याच बोर्डाचा हवा. ग्रे बॅक डुप्लेक्स या मागून करड्या बोर्डाचा वरचा थर एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्डाएवढा पांढरा नसतो आणि अबोलीसारख्या फिक्या रंगात तो करडेपणा आरपार दिसतो. अर्धा किलोच्या बॉक्सला ३०० जीएसएम एफबीबी घ्या आणि नमुन्याला जो बोर्ड वापरला तोच छपाईला, हे पत्रात लिहा.

पट्टी बनवताना आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. तुमचा आमसुली लोगो अबोलीवर बसणार आहे. तो दोन रीतींनी छापता येतो. एक तर अबोलीच्या प्लेटमध्ये लोगोच्या आकाराची जागा रिकामी कोरायची आणि त्यात आमसुली बसवायचा. एकरंगी मशीनवर शीट दोनदा जाते, अर्धा मिमी जरी सरकली तरी लोगोच्या कडेनं पांढरी रेघ दिसते. दुसरी रीत म्हणजे अबोली सलग छापायची, वाळू द्यायची आणि आमसुली थेट तिच्यावर चढवायचा. पांढऱ्या रेघेची भीतीच नाही. पण खालची अबोली पिवळसर-केशरी असल्यामुळं वरचा आमसुली जरासा तपकिरीकडं ओढला जातो. तुम्हाला नको आहे नेमका तोच बिघाड! म्हणून चढवायची रीत घ्या, पण आमसुलीची पट्टी पांढऱ्या बोर्डावर न बनवता आधी अबोली थोपटून, ती वाळल्यावर तिच्यावर आमसुली थोपटून बनवून घ्या. तपकिरी वाटली तर शाईवाला डब्यात किंचित निळसर शाई घालून ती सावरतो. हे डब्यात करायचं काम आहे, मशीन सुरू झाल्यावर होत नाही. आणि असं केलंत की बॉक्सवर जिथं जिथं आमसुली आहे तिथं खाली अबोली असलीच पाहिजे. एखाद्या बाजूला पांढऱ्यावर आमसुली ठेवलात तर एकाच बॉक्सवर दोन आमसुली दिसतील.

पट्टी वाळली की तिचे दोन तुकडे करा. एकावर लॅमिनेशन करून घ्या, एक तसाच ठेवा. बिनलॅमिनेशनचा तुकडा मशीनपाशी उभं राहून शीट पास करायला, लॅमिनेशनचा तुकडा तयार बॉक्स घेताना पडताळायला. लॅमिनेशननं रंग बदलतो, हे अनेकांना बॉक्स हातात आल्यावरच कळतं. ग्लॉसखाली गडद रंग आणखी खोल दिसतो, मॅटखाली त्यावर करडी धूळ बसल्यासारखी छटा येते. आमसुलीला ग्लॉसच घ्या असं माझं मत. मॅट गडद रंगावर तुपाची, लोण्याची बोटं आणि ओरखडे ठळक उठतात, आणि केकच्या बॉक्सला तशी बोटं लागणारच. नुसतं व्हार्निश स्वस्त पडतं, पण फ्रिजमधून काढलेल्या बॉक्सला घाम येतो, त्यात लॅमिनेशन जास्त टिकतं.

शेवटचा मुद्दा मर्यादेचा. ‘सेम टू सेम’ या शब्दांना छपाईत अर्थ नाही, कारण पहिल्या आणि हजाराव्या शीटमध्येही थोडा फरक असतो. कुठल्या दिशेचा फरक चालेल आणि कुठल्या दिशेचा चालणार नाही, हे सांगितलं तर मशीनमनला काम करता येतं. आमसुली किंचित गडद झाला तर बॉक्स वाईट दिसत नाही, पण किंचित तपकिरी झाला तर दिसतो. अबोली किंचित फिकी चालेल, गुलाबी नाही. प्रिंटरकडं रंग मोजायचं मीटर असेल तर आमसुलीला डेल्टा ई, म्हणजे रंगातल्या फरकाचा आकडा, २ च्या आत आणि अबोलीला ३ च्या आत असं आकड्यात लिहा. मीटर नसेल तर प्रत्येक रंगाच्या तीन पट्ट्या बनवा, मधली पसंतीची, एक चालेल इतकी गडद, एक चालेल इतकी फिकी. शाईचा थर कमी-जास्त थोपटून त्या तिथल्या तिथं होतात. तिन्हींच्या मागं दोघांच्या सह्या.

हे सगळं पत्रात असं येईल:

नमस्कार दादा,

अर्धा किलोच्या केक बॉक्सचे १००० नग छापायचे आहेत. मागच्या वेळी रंगाबद्दल मी नीट लिहून दिलं नव्हतं, या वेळी देते आहे.

बॉक्स ८ × ८ × ५ इंच, बोर्ड ३०० जीएसएम एफबीबी, बाहेरून ग्लॉस लॅमिनेशन. आतली बाजू कोरी ठेवा, आत कुठंही छपाई नको. फाइल मल्टिकलरची नाही. दोनच स्पेशल कलर आहेत, आमसुली आणि अबोली. पीडीएफमध्ये दोन्ही स्पॉट म्हणूनच ठेवले आहेत, प्लेट काढताना ते चार रंगांत बदलू देऊ नका. दुसऱ्या जॉबबरोबर एका शीटवर लावू नका.

आमसुली (पॅन्टोन २२९ सी, पण अंतिम मान्यता सोबतच्या पट्टीला): हा रंग जुळायलाच हवा. लोगो, झाकणाची पट्टी आणि सगळा मजकूर यात आहे. गडद पट्टीपर्यंत गडद चालेल. तपकिरी किंवा विटकरी झाक अजिबात चालणार नाही.

अबोली (पॅन्टोन १६२ सी, मान्यता पट्टीला): पूर्ण बाहेरच्या बाजूवर सलग छापायची. फिक्या पट्टीपर्यंत फिकी चालेल. गुलाबी झाक चालणार नाही. एकाच बॉक्सच्या झाकणावर आणि बाजूवर वेगळी दिसता कामा नये.

छापण्याचा क्रम: आधी अबोली, पूर्ण वाळल्यावर तिच्यावर आमसुली. लोगोखाली जागा कोरायची नाही. पट्ट्या तशाच बनवल्या आहेत.

या गोष्टी तुमच्या सोयीनं करा: चिकटवायच्या घडीवर अबोली किती आत जाते, कटिंगमध्ये एक मिमीपर्यंत सरकणं, आणि डिंकाच्या घडीचा आकार. त्यांबद्दल माझी तक्रार नसेल. हिरवी खूण आणि लायसन्स नंबर मी स्टिकरवर घेते आहे, ते बॉक्सवर नको.

शाई माझ्या खर्चानं प्रत्येकी एक किलो मिसळून घ्यावी. उरलेल्या डब्यांवर माझं नाव, तारीख आणि मिसळीचं प्रमाण लिहून ते ठेवावेत, पुढच्या छपाईला तेच वापरायचे आहेत.

अबोलीची आणि नंतर आमसुलीची प्लेट लावाल त्या त्या दिवशी मला फोन करा. मी दिवसा येऊन शीट पास करीन. मी सही केलेली शीट मशीनपाशी ठेवून दर अडीचशे शीटनंतर तिच्याशी पडताळा. अबोलीचीही तशीच एक शीट पास करून घ्यायची आहे.

तयार बॉक्स लॅमिनेशन केलेल्या पट्टीशी ताडून घेईन. आमसुली तपकिरीकडे गेलेले बॉक्स घेता येणार नाहीत, तेवढे पुन्हा छापून द्यावेत. इतर लहानसहान फरकावर अडून बसणार नाही. हे मान्य असेल तर या पत्राच्या प्रतीवर सही करून द्या, म्हणजे ॲडव्हान्स देते.

आपली,

सोबत: पट्ट्यांचा लिफाफा

या पत्रातल्या दोन-तीन ओळींमागचं कारण सांगायला हवं.

‘चार रंगांत बदलू देऊ नका’ ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढताना किंवा प्लेटच्या दुकानात एका खुणेवर टिक राहिली की स्पॉट कलर गुपचूप चार शायांत फुटतो आणि दोनऐवजी चार प्लेट येतात. चूक पकडायची सोपी खूण हीच. प्लेट आल्या की मोजा, दोनच असायला हव्यात.

एक किलो शाई जास्त वाटेल, पण हिशेब करून बघा. ८ × ८ × ५ इंचांच्या बॉक्सचं झाकण आणि चार बाजू मिळून साधारण ०.१४ चौरस मीटर भरतात, हजार बॉक्सना १४० चौरस मीटर. सलग छपाईला चौरस मीटरमागं दीडएक ग्रॅम शाई बसते, म्हणजे अबोली २०० ते २५० ग्रॅम. आमसुली त्याहून कमी. पण मशीनच्या शाईच्या हौदात थोडी शाई कायम भरलेली लागते आणि शंभरएक शीट सेटिंगमध्ये जातात, त्यामुळं अर्धा किलो मागवलात तर काठावर येतं. शाई मध्येच संपली आणि पुन्हा मिसळली तर दुसऱ्या डब्याची छटा वेगळी निघते. उरलेला डबा पुढच्या वेळचा रंग जुळण्याची सगळ्यांत स्वस्त हमी आहे. शाईच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचा कागद दाबून झाकण घट्ट लावायला सांगा, नाहीतर वर साय धरते आणि ती फाटून छपाईत कण येतात.

शीट पास करायला दिवसा सकाळी दहा-अकराला जा. प्रेसमधल्या ट्यूबखाली बघू नका आणि थेट उन्हातही नको. मराठवाड्यातलं ऊन इतकं प्रखर असतं की त्यात गडद आमसुली लालसर आणि उजळ वाटतो. उंबऱ्याच्या आत, सावलीत, पण आभाळाचा उजेड येतो अशा जागी शीट आणि पट्टी एकमेकांना टेकवून धरा. मधे बोटभर अंतर ठेवलंत तर फरक कळणार नाही. ओली शीट वाळल्यावर थोडी मंद होते, त्यामुळं ती पट्टीपेक्षा किंचित ताजी, गडद दिसली तर घाई करू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा बघा. मात्र ओली असतानाच तपकिरी दिसते आहे तर वाळून ती जांभळट होणार नाही. तिथंच मशीन थांबवायला सांगा आणि आधी बघा की खाली अबोली जास्त तर बसली नाही ना. बहुतेक वेळा दोष तिथं सापडतो. आमसुलीचा डबा त्यानंतर तपासायचा.

शीटचं डावं आणि उजवं टोकही बघा. अबोली एका टोकाला भरलेली आणि दुसऱ्याला विरळ असेल, तर दुमडल्यावर झाकण एका छटेचं आणि समोरची बाजू दुसऱ्या छटेची दिसेल. हा दोष सपाट शीटवर चटकन कळत नाही. म्हणून एक शीट हातानं बॉक्ससारखी दुमडा आणि ती दोन टोकं शेजारी आणा.

पास केलेल्या दोन शीटवर तारीख घालून सह्या करा, एक त्यांच्याकडं, एक तुमच्याकडं. तुमची शीट आणि पट्ट्या जाड लिफाफ्यात घालून कपाटात ठेवा. बॉक्सचे गठ्ठेही खिडकीपाशी किंवा गच्चीच्या खोलीत ठेवू नका. उन्हानं लाल आणि पिवळ्या जातीच्या शाया आधी उडतात, आणि अबोली तर जवळजवळ त्यांचीच बनलेली आहे. गठ्ठ्यातला वरचा बॉक्स एप्रिल-मेमध्ये फिका पडला तर तो छपाईचा दोष समजून प्रिंटरशी भांडण होतं. असं वाटलं तर लिफाफ्यातली पट्टी काढून गठ्ठ्याच्या मधल्या बॉक्सशी ताडा. मधला जुळत असेल तर दोष खिडकीचा आहे.